जॉबवर्कचे बिल थकले तर: सभ्य तगादा आणि काम थांबवण्याचा निर्णय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्याच्या मालावर टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग किंवा फॅब्रिकेशनचे जॉबवर्क करून देणाऱ्या लहान कारखानदारांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना यातील काही कायदेशीर तरतुदी लागू होत नाहीत, हे आधीच लक्षात घ्यावे.

बिलाची मुदत उलटली. पहिला फोन कोणाला करावा?

मालकाला नाही आणि परचेसलाही नाही. पहिला फोन ग्राहकाच्या स्टोअरला करावा आणि एकच गोष्ट विचारावी: आपल्या चलनाचा जीआरएन झाला आहे का? थकलेले बिल दोनपैकी एका ठिकाणी अडकलेले असते, कागदात किंवा पैशात, आणि या दोन्हींवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. चलनावर पीओ क्रमांक चुकला, पीओची शिल्लक संख्या संपली, नगांच्या मोजणीत फरक आला किंवा क्वालिटीची सही राहिली, तर बिल अकाउंट्सच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी अकाउंट्सला कितीही तगादा लावला तरी त्यांच्या दृष्टीने ते बिल अस्तित्वातच नसते.

बिल हिशोबात घेतले गेले आहे की नाही, हे ग्राहकाला न विचारता कळण्याचा एक मार्ग आहे. टीडीएस हा रक्कम खात्यात जमा धरताना किंवा प्रत्यक्ष देताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कापावा लागतो. त्यामुळे पैसे मिळाले नसतानाही आपल्या २६एएस विवरणात त्या ग्राहकाने कापलेला टीडीएस दिसत असेल, तर बिल मंजूर होऊन त्यांच्या वहीत चढले आहे असे समजावे. मात्र हे विवरण तिमाहीनंतर अद्ययावत होते, म्हणून त्यात काही दिसले नाही एवढ्यावरून बिल अडकले आहे असा निष्कर्ष काढू नये.

बिलाची तारीख यायच्या आधी आठवण करणे वाईट दिसते का?

अजिबात नाही. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी पायरी आहे. मुदतीच्या पाच-सहा दिवस आधी पाठवलेल्या संदेशात पैशाची मागणी नसते, केवळ खातरजमा असते, आणि म्हणूनच त्याला मोकळेपणाने उत्तर मिळते. मजकूर एवढाच असावा:

“नमस्कार साहेब. आमचे ५ जूनचे बिल (रक्कम २,३६,००० रुपये) ५ जुलैला देय आहे. त्याचा जीआरएन झाला आहे का आणि ते पुढच्या पेमेंटच्या यादीत आहे का, एवढे कृपया कळवावे. काही कागद कमी असल्यास आजच पाठवतो.”

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. अडचण आपल्या बाजूची असू शकते हे आपण मान्य करतो, त्यामुळे समोरच्याला बचावाचा पवित्रा घ्यावा लागत नाही. ग्राहकाच्या अकाउंट्समध्ये पेमेंट कोणत्या तारखांना सोडले जाते हेही याच वेळी विचारून वहीत नोंदवून ठेवावे. अनेक कारखान्यांत महिन्यातून ठरावीक दोन-तीन दिवशीच रकमा सुटतात, आणि त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी केलेला तगादा आठवडा-दोन आठवडे वाया जातो.

तारीख उलटल्यावर किती वेळा आणि कोणत्या भाषेत मागावे?

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. वाळूजमधील एक काल्पनिक टर्निंग शॉप एका ग्राहकाचे दर महिन्याला २,००,००० रुपयांचे जॉबवर्क करते. १८ टक्के जीएसटी धरून बिल २,३६,००० रुपयांचे होते, त्यातून १ टक्का म्हणजे २,००० रुपये टीडीएस वजा जाऊन हाती २,३४,००० रुपये यायला हवेत. मुदत ३० दिवसांची आहे. ५ जूनचे बिल ५ जुलैला मिळायला हवे होते, ते मिळाले नाही.

६ किंवा ७ जुलैला पहिले स्मरणपत्र ईमेलने जावे. त्यात बिल क्रमांक, तारीख, रक्कम, देय तारीख आणि सोबत बिलाची व सही केलेल्या चलनाची प्रत असावी. विशेषणे नसावीत. “वारंवार सांगूनही” किंवा “खेदाने कळवावे लागते” असे शब्द पहिल्या पत्रात वापरले, तर तिसऱ्या पत्रासाठी काहीच शिल्लक राहत नाही. साधारण आठवडाभराने फोन करावा आणि फोन संपताच तोच आशय लिहून पाठवावा: “साहेब, आत्ताच्या बोलण्याप्रमाणे हे पेमेंट १८ जुलैला सुटणार आहे असे मी धरून चालतो. काही बदल असल्यास कळवावे.” तोंडी दिलेला शब्द अशा रीतीने कागदावर येतो आणि कोणाचा अपमानही होत नाही.

तो शब्द पाळला गेला नाही, तर २० जुलैच्या सुमारास दुसरे पत्र अकाउंट्स प्रमुखांना पाठवून परचेसच्या साहेबांना प्रत द्यावी. आपले काम अडले तर त्रास परचेसला आणि प्रॉडक्शनला होणार असतो, अकाउंट्सला नाही. म्हणून ही प्रत गाऱ्हाणे म्हणून नाही, माहिती म्हणून द्यावी. या पत्रात लेजरचा उतारा जोडून शिल्लक रकमेची लेखी पुष्टी मागावी. ही पुष्टी पुढे किती मोलाची ठरते ते शेवटच्या प्रश्नात आले आहे.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. व्हॉट्सॲपच्या सामायिक गटात थकबाकीचा विषय काढू नये, इतर जॉबवर्कवाल्यांजवळ ग्राहकाच्या आर्थिक स्थितीची चर्चा करू नये आणि गेटवर माल घेऊन गेलेल्या आपल्या ड्रायव्हरकडून पैशाचा निरोप पाठवू नये. वसाहतीत सगळे एकमेकांना ओळखतात, आणि आपण बोललो ते शब्द दोन दिवसांत वेगळ्याच रूपात ग्राहकापर्यंत पोहोचतात.

कायद्याचा उल्लेख केव्हा करावा? त्याने संबंध बिघडत नाहीत का?

धमकी म्हणून केला तर बिघडतात. ग्राहकाच्या हिताची माहिती म्हणून केला तर बहुधा बिघडत नाहीत, कारण उशिराचा तोटा त्यालाही होतो.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि लेखी करारातसुद्धा ही मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस धरले जातात. पीओवर ९० दिवस छापलेले असले तरी ४५ दिवसांनंतर कायद्याने व्याज सुरू होते. हे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट असते आणि दरमहा चक्रवाढीने मोजले जाते. बँक दर ५.५ टक्के धरला तर व्याज वर्षाला १६.५ टक्के होते, म्हणजे आपल्या उदाहरणातील २,३४,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचे सुमारे ३,२०० रुपये.

रक्कम छोटी वाटेल, पण ग्राहकाच्या सीएला खरी चिंता करांची असते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आणली की सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजावटीस मिळतो. जीएसटीतही बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेतलेले इनपुट क्रेडिट खरेदीदाराला व्याजासह परत करावे लागते. ५ जूनच्या बिलासाठी ती तारीख २ डिसेंबर येते. म्हणून दुसऱ्या पत्राच्या शेवटी इतके पुरेसे आहे: “आमची उद्यम नोंदणी लघु उद्योग म्हणून आहे, प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. आपल्या लेखापरीक्षणाच्या दृष्टीने ही माहिती उपयोगी पडावी.”

उद्यम क्रमांक बिलावर पहिल्या दिवसापासून छापलेला असावा. नोंदणी विनामूल्य आहे, आणि ती काम घेण्यापूर्वी केलेली असणे सर्वांत सुरक्षित. थकबाकी झाल्यावर केलेल्या नोंदणीने मागच्या बिलांना संरक्षण मिळेल असे गृहीत धरू नये.

ग्राहक म्हणतो, “वरूनच पेमेंट आले नाही.” थांबावे का?

हे कारण अनेकदा खरे असते. मोठ्या कारखान्याकडून पैसे सुटले नाहीत की मधला पुरवठादार अडतो आणि त्याच्यामागे आपण. शेतीची अवजारे बनवणाऱ्या ग्राहकाचा पैसा हंगामाप्रमाणे येतो आणि पावसाने ओढ दिली की सगळेच लांबते. मराठवाड्यात हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही कारण खरे आहे म्हणून तारीख नको, असे होत नाही. सहानुभूती दाखवावी आणि त्याच वाक्यात हप्ता मागावा: निम्मे या आठवड्यात, उरलेले ठरलेल्या तारखेला आणि नव्या लॉटचे पैसे माल नेताना. खरोखर अडचणीत असलेला ग्राहक अशा वेळी थोडे तरी देतो आणि स्वतःहून फोन करतो. जो काहीच देत नाही, फोन उचलत नाही, पण दर मंगळवारी नवा माल मात्र वेळेवर पाठवतो, त्याच्याकडे पैसे नसण्यापेक्षा आपला क्रम त्याच्या यादीत खाली असण्याची शक्यता जास्त असते.

काम थांबवायचे की नाही, हे कोणत्या हिशोबाने ठरवावे?

किती दिवस झाले यावरून नाही, आपल्याकडे किती श्वास उरला आहे यावरून. वरच्या उदाहरणातील १ ऑगस्टची स्थिती मांडू. ५ जूनच्या बिलाचे २,३४,००० रुपये मुदत उलटून थकलेले आहेत. ५ जुलैच्या बिलाचे तेवढेच ४ ऑगस्टला देय होतील. जुलैमध्ये केलेल्या कामाचे बिल ५ ऑगस्टला निघेल, तेही तेवढेच. म्हणजे मालकाच्या मनात थकबाकी २,३४,००० रुपयांची असली, तरी त्याचे अडकलेले पैसे ७,०२,००० रुपये आहेत. हा तिसरा आकडा, म्हणजे बिल न झालेले काम, बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि धोका नेमका तिथे असतो.

आता खर्चाची बाजू. या कामावर दरमहा १,५०,००० रुपये लागतात. त्यातले ९०,००० रुपये पगार आणि गाळ्याचे भाडे, आणि ६०,००० रुपये इन्सर्ट, वीज व वाहतूक. शिवाय क्रेडिट वजा जाता जीएसटीचे सुमारे २६,००० रुपये पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागतात, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. मालकाने पगार, भाडे आणि जीएसटी यांची दोन महिन्यांची तरतूद, म्हणजे २,३२,००० रुपये, कोणत्याही परिस्थितीत हात न लावण्याची रक्कम म्हणून ठरवली आहे. १ ऑगस्टला त्याच्याकडे रोख आणि सीसीची शिल्लक मिळून ४,००,००० रुपये आहेत. ऑगस्ट महिना पूर्ण काम केले तर १,७६,००० रुपये जाऊन २,२४,००० रुपये उरतात. म्हणजे ऑगस्ट संपण्यापूर्वीच ती रेषा ओलांडली जाते, आणि सूचनेचे दिवस धरता सूचना ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात जायला हवी.

याच आकड्यांत दुसरी गोष्टही दडलेली आहे. काम थांबवले तरी ९०,००० रुपये थांबत नाहीत, आणि ५ ऑगस्टच्या बिलाचा जीएसटी २० सप्टेंबरला भरावाच लागतो. थांबल्याने लगेच वाचतात ते फक्त ६०,००० रुपये. त्यामुळे मशीनला दुसरे काम मिळणार नसेल आणि हा एकच ग्राहक आपल्या धंद्याचा मोठा भाग असेल, तर एकदम पूर्ण थांबण्याऐवजी “लॉट उचलताना त्या लॉटचे पैसे” या अटीवर काम चालू ठेवणे जास्त शहाणपणाचे असते. जुनी बाकी तेवढीच राहते, पण वाढत नाही. मशीन दुसऱ्या कामाला लावता येत असेल, तर मात्र पूर्ण विराम घेण्यात संकोच करू नये.

कोणत्या स्थितीत काम थांबवू नये?

बिल कागदात अडकले असेल, गुणवत्तेचा खरा वाद चालू असेल किंवा आपणच डिलिव्हरीला उशीर केला असेल, तेव्हा थांबवू नये. अशा वेळी थांबणारा स्वतःची बाजू कमकुवत करतो. वाद काही नगांपुरताच असेल तर तेवढी रक्कम बाजूला ठेवून उरलेली सोडण्याची लेखी विनंती करावी. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर २००६ च्या कायद्यानुसार तो डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला गेला असे मानले जाते. पैसे मागितल्यावर तीन महिन्यांनी निघालेल्या डेबिट नोटला हे उत्तर देता येते.

थांबवण्याची सूचना कशी लिहावी?

आधी पीओच्या मागच्या बाजूच्या अटी वाचाव्यात. लाइन थांबल्यास नुकसानभरपाई पुरवठादाराकडून वसूल करण्याची अट वाहन उद्योगाच्या पुरवठासाखळीत आढळते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५१ आणि ५४ मधील तत्त्व असे आहे की परस्परांना दिलेल्या वचनांत एका पक्षाने आधी करायचे ते केले नाही, तर तो दुसऱ्याकडून पूर्ततेचा आग्रह धरू शकत नाही. पण हे तत्त्व आपल्या बाजूने उभे राहावे, यासाठी आपण का आणि कधीपासून थांबत आहोत हे ग्राहकाला आधी आणि लेखी कळलेले असले पाहिजे. मजकूर असा असू शकतो:

“माननीय महोदय, सोबतच्या यादीतील बिलांची २,३४,००० रुपयांची रक्कम ५ जुलैपासून येणे आहे. ही रक्कम १२ ऑगस्टपर्यंत जमा न झाल्यास १३ ऑगस्टपासून आम्ही नवीन माल जॉबवर्कसाठी स्वीकारू शकणार नाही. आमच्याकडे आलेला माल ठरल्याप्रमाणे पूर्ण करून पाठवला जाईल. रक्कम जमा होताच दुसऱ्या दिवसापासून काम पूर्ववत सुरू करू. आपल्या उत्पादनाचे नियोजन करता यावे म्हणून ही सूचना आधी देत आहोत.”

या पत्रात रक्कम, तारीख, काय थांबेल, काय थांबणार नाही आणि पुन्हा सुरू कसे होईल, एवढेच आहे. १३ तारीख उजाडली आणि पैसे आले नाहीत, तर खरोखर थांबावे. एकदा सूचना देऊन माल उतरवून घेतला की पुढच्या सूचनेला किंमत राहत नाही.

“मशीन बिघडले आहे”, “ऑपरेटर गावी गेला आहे” अशी कारणे सांगून गुपचूप काम रेंगाळवण्याचा मार्ग अनेकांना सौम्य वाटतो. तो सर्वांत घातक आहे. त्याने थकबाकीदार ग्राहक बाजूला राहतो आणि कागदोपत्री डिलिव्हरी चुकवणारे आपण ठरतो.

तयार माल पैसे मिळेपर्यंत अडवून ठेवता येतो का?

येथे फार जपून राहावे. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ज्या मालावर आपण श्रम व कौशल्य खर्च केले, तो माल त्याच कामाचा मोबदला मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क आहे, पण विरुद्ध करार नसेल तरच. ३० दिवसांच्या उधारीवर काम घेतले असेल, तर त्या मालावर आजच हा हक्क सांगणे कठीण जाते. आणि जूनच्या बिलासाठी ऑगस्टचा माल अडवणे या कलमात बसत नाही. ग्राहकाच्या डाय, फिक्स्चर, गेज आणि ड्रॉइंग तर कधीच अडवू नयेत. मागितल्यास चलनावर सही घेऊन परत द्याव्यात.

चेक दिला तर काम सुरू करावे का?

चेक वटल्यावर सुरू करावे. चेक परत आला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार करता येते. या मुदती चुकल्या की हा मार्ग बंद होऊ शकतो.

थांबवूनही पैसे आले नाहीत तर?

सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यासाठी पीओ, बिले, सही केलेली चलने आणि आपण लिहिलेली सगळी पत्रे लागतात, म्हणून पहिल्या स्मरणपत्रापासून सर्व काही एका फाइलमध्ये ठेवावे. परिषद आधी सामोपचाराचा प्रयत्न करते आणि तो फसल्यास लवादाकडे जाते. निर्णयाला आव्हान द्यायचे असल्यास खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायद्यात ९० दिवसांचा कालावधी दिला आहे, पण प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, त्यामुळे या पैशावर पुढच्या महिन्याच्या पगाराचे नियोजन करू नये.

जुन्या बाकीचा हक्क किती वर्षे राहतो?

पैशाच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. ग्राहकाने त्या मुदतीत बाकी लेखी मान्य केली किंवा स्वतःच्या हस्ताक्षरात अथवा सहीनिशी नोंद ठेवून काही रक्कम भरली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. शिल्लक रकमेच्या पुष्टीवर सही-शिक्का घेण्याचे कारण हेच आहे. दर वर्षी एप्रिलमध्ये, लेखापरीक्षणासाठी ग्राहकाचे अकाउंट्स स्वतःच अशा पुष्ट्या मागत असताना, आपलीही पाठवून सही करून घ्यावी. त्या काळात ती कोणालाही खटकत नाही.